हप्ता पाच तारखेला की पंधराला?

पांढरकवड्यात पैसा दोन चालींनी येतो. शिक्षकाचा, लिपिकाचा पगार दर महिन्याला खात्यात पडतो. कापूसवाल्याचा पैसा वेचणीच्या मागोमाग हिवाळ्यात येतो आणि पुढे वर्षभर पुरवावा लागतो. त्यामुळे व्याज रोज चढत असेल तर हप्ता लवकर भरावा का, या प्रश्नाचं उत्तर दोघांसाठी सारखं नाही.

समजा, शिक्षकाचं गृहकर्ज दहा लाखांचं, दर ९ टक्के, मुदत २० वर्षं आहे. हप्ता साधारण ८,९९७ रुपये बसतो. बँक रोजच्या शिल्लक मुद्दलावर व्याज मोजते आणि महिनाअखेरीस ते खात्यावर चढवते. हप्ता १५ ऐवजी ५ तारखेला भरला, तर तेवढ्या रकमेवरचं दहा दिवसांचं व्याज वाचतं: ८,९९७ गुणिले ९ टक्के गुणिले १० भागिले ३६५, म्हणजे सुमारे २२ रुपये.

वीस वर्षं नेमाने असंच भरलं तर ही बचत शेवटाकडचा दीडेक हप्ता कमी करते. मात्र पुढच्या महिन्यात पुन्हा पंधरावर गेलं, की फायदा त्या एका महिन्याच्या २२ रुपयांपुरताच राहतो.

शिवाय हातानं हप्ता भरला म्हणून ऑटो-डेबिट थांबतंच असं नाही. पंधराला बँक पुन्हा रक्कम ओढू शकते. खात्यात पैसे असतील तर ते बहुधा कर्जातच जिरतात. नसतील तर हप्ता परत जातो आणि त्या एका दंडात वर्षभराची २६६ रुपयांची बचत संपू शकते. त्यापेक्षा बँकेला अर्ज देऊन हप्त्याची तारीखच पगाराजवळ आणून घेणं सोपं.

कापूसवाल्याचं गणित मोठं आहे. ट्रॅक्टरच्या कर्जाचा वार्षिक हप्ता एक लाख, दर १० टक्के, मुदत ३१ मार्च. कापसाचे पैसे १० जानेवारीला आले आणि त्याच दिवशी भरले, तर ८० दिवसांचे सुमारे २,१९२ रुपये वाचतात. तोच लाख अडीच टक्क्यांच्या बचत खात्यात ठेवला, तर ५४८ रुपये मिळाले असते. म्हणजे निव्वळ फायदा १,६४४ रुपयांचा. पण मार्चपर्यंतचा घरखर्च सावकाराकडून उचलावा लागणार असेल, तर ही बचत फसवी ठरते.

पीककर्जाला हा हिशेब लागू नाही. डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत फेडलं तर शेतकऱ्याला शून्य टक्के व्याज पडतं. तिथे मुदत पाळणं एवढंच महत्त्वाचं. हाती जादा रक्कम असेल तर ती आधी ट्रॅक्टरच्या कर्जात घालावी.

सगळ्याच संस्था मात्र रोजचं व्याज धरत नाहीत. काही ठिकाणी लवकर आलेली रक्कम मुदतीपर्यंत बाजूला पडून राहते. हे खातेउताऱ्यात दिसतं: रक्कम भरल्याच्या तारखेलाच शिल्लक उतरली आणि पुढची व्याजाची नोंद थोडी घटली, तर पैसा कामाला लागला. दोन्ही तशाच राहिल्या, तर शाखेत लेखी विचारावं.