येता रविवार म्हणजे कोणता?

रविवारी, २० ऑक्टोबरला, संध्याकाळी सहाच्या सुमारास आमच्या गावातल्या नाट्यगृहाच्या बंद दारापाशी एक वयस्कर जोडपं पायरीवर बसलेलं दिसलं. आजोबांच्या हातात घडी केलेलं तिकीट होतं. आजींनी ठेवणीतली साडी नेसली होती. अठरा किलोमीटरवरच्या गावातून ते एसटीने आले होते. "आजच आहे ना हो गाणं?" आजींनी विचारलं. गाणं त्या रविवारी नव्हतं, २७ तारखेच्या रविवारी होतं. आणि त्यांना तिथवर आणणारा निरोप माझ्याच हातचा होता.

आमचं एक छोटं संगीत मंडळ आहे. कोजागरीला, बुधवारी १६ ऑक्टोबरला, शाळेच्या मैदानावर रात्री गायनाचा कार्यक्रम ठरला होता. मंगळवारी दुपारी हवामान खात्याचा ऑरेंज अलर्ट आला, संध्याकाळी मैदानात घोट्याएवढं पाणी साचलं, आणि रात्री साडेनऊला घाईघाईने मी हा निरोप सगळ्या गटांवर पाठवला:

"रसिकहो, अवकाळी पावसामुळे उद्याचा कार्यक्रम नाइलाजाने पुढे ढकलण्यात आला आहे. तो आता येत्या रविवारी नाट्यगृहात होईल. आहे तीच तिकिटे चालतील. ज्यांना येणे शक्य नाही त्यांनी कार्यकर्त्यांशी संपर्क साधावा. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत."

लिहिताना मला हा निरोप नेटका वाटला होता. नम्र आहे, शुद्ध आहे, काही राहिलेलं नाही. त्या जोडप्याला एसटीत बसवून घरी आल्यावर मी तो पुन्हा वाचला, एकेक शब्द धरून.

"उद्याचा" हा शब्द मंगळवारी रात्री खरा होता. बुधवारी सकाळी कुणीतरी तोच निरोप आपल्या सोसायटीच्या गटावर पुढे पाठवला, तेव्हा उद्या म्हणजे गुरुवार झाला. पुढे पाठवलेल्या निरोपावर तो मूळ कधी लिहिला गेला हे दिसत नाही. बुधवारचं गाणं ठरल्याप्रमाणेच आहे असं समजून काही माणसं त्या रात्री छत्र्या घेऊन मैदानावर गेली होती, हे मला नंतर कळलं. "येत्या रविवारी" तर त्याहून फसवं. मंगळवारी बोलताना येता रविवार म्हणजे २० तारीख, असं निम्मं गाव समजतं. उरलेलं निम्मं २० ला "या रविवारी" म्हणतं आणि येता म्हणजे त्यानंतरचा. माझ्या डोक्यात २७ होती, कारण गायिकेची तारीख तीच मिळाली होती. ती माझ्या डोक्यातच राहिली.

चूक लक्षात आल्यावर पाठवलेला मजकूर दुरुस्त करता येईल असं मला वाटलं. पण व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला निरोप पंधरा मिनिटांच्या आतच बदलता येतो, आणि तेवढ्यात बदलला तरी लोकांनी पुढे पाठवलेल्या प्रती तशाच राहतात. जुना निरोप मागे घेणं आपल्या हातात नसतं. नवा असा लिहायचा की जुना हातात असलेल्या माणसालाही तो पहिल्याच ओळीत थांबवेल.

सोमवारी संध्याकाळी मंडळाची बैठक बसली. तारखेची दुरुस्ती दोन मिनिटांत झाली. अडलं ते पुढे.

"ज्यांना येणे शक्य नाही त्यांनी कार्यकर्त्यांशी संपर्क साधावा" या वाक्यात पैसे परत मिळतील असं कुठेही म्हटलेलं नव्हतं. कुठल्या कार्यकर्त्याशी, कोणत्या क्रमांकावर, कधीपर्यंत, तेही नव्हतं. आमचे खजिनदार म्हणाले, "अहो, परताव्याचं एवढं मोठ्याने कशाला सांगायचं? विचारेल त्याला देऊच की." त्यांच्या मनात लबाडी नव्हती. मांडवाचा आगाऊ दिलेला पैसा बुडाला होता, नाट्यगृहाचं भाडं नव्याने भरायचं होतं आणि हिशेबाची वही त्यांच्याकडे होती. पण "विचारेल त्याला" याचा अर्थ मी मनात घोळवत राहिलो. विचारतो कोण? ज्याला आम्ही ओळखतो तो, ज्याला आमचा क्रमांक माहीत आहे तो, ज्याला पैशाचं बोलायला संकोच वाटत नाही तो. पायरीवर बसलेल्या त्या आजींनी तीनशे रुपयांसाठी कधीही फोन केला नसता. म्हणजे आमचा मजकूर धीट माणसाला पैसे परत देणार होता आणि भिडस्ताचे ठेवून घेणार होता, आणि हे सगळं एका मोघम वाक्याच्या आडून. तसं करायचं कुणी ठरवलं नव्हतं, पण घडलं तसंच असतं.

दुसरी गोष्ट याहून अवघड होती. "आहे तीच तिकिटे चालतील" असं मी बेधडक लिहून टाकलं होतं. मैदानावर खुर्च्या वाढवता येतात, पुढे सतरंजी अंथरता येते. नाट्यगृहात खुर्च्या ४८० आहेत आणि त्यात एकाचीही भर पडत नाही. आमची विकलेली तिकिटं ४५० आणि सन्मानाने वाटलेल्या मोफत प्रवेशिका ९०. बेरीज ५४०. साठ माणसांना दारातून परत पाठवण्याची तयारी करून आम्ही "चालतील" म्हणत होतो.

बैठकीत सुचलेला पहिला उपाय असा: ज्यांना यायचं आहे त्यांनी शुक्रवारपर्यंत कळवावं, न कळवणाऱ्याची जागा गेली. वरवर हे व्यवस्थित दिसतं. पण ज्याच्यापर्यंत निरोप पोचलाच नाही, त्याला यात शिक्षा होते. त्याने पैसे दिलेत, हातात तिकीट आहे आणि दारात त्याला ऐकावं लागणार, तुम्ही कळवलं नाहीत. गैरसमजाचा भुर्दंड निरोप लिहिणाऱ्याने सोसायचा की न वाचलेल्याने, हा प्रश्न तिथे उघडा पडला. बराच वेळ चर्चा झाली. शेवटी अध्यक्षांनीच सांगितलं की विकत घेतलेल्या प्रत्येक तिकिटाची जागा पक्की धरायची, काही न करता आलेल्याचीसुद्धा. मोफत प्रवेशिकांना उरतील त्या तीस जागा. प्रवेशिका म्हणजे गावातली वजनदार माणसं, देणगीदार, आमचे नातेवाईक. त्यांना हे लिहून सांगणं जड गेलं. पण दारात सांगण्यापेक्षा सहा दिवस आधी सांगणं बरं.

तिसरी गोष्ट छोटी, तरी तिने मला बरंच शिकवलं. तिकीट तीनशेचं होतं, पण ऑनलाइन घेणाऱ्यांनी वर अठरा रुपये सेवाशुल्क भरलं होतं, आणि विक्री करणारी कंपनी ते परत करत नव्हती. "पूर्ण पैसे परत" असं लिहून ३०० रुपयेच खात्यात टाकले, तर आपलं वाक्य खोटं ठरतं. एक तर तसं स्पष्ट लिहायचं किंवा अठरा रुपये आपण सोसायचे. आम्ही सोसले. पावसात कुणाचाच दोष नव्हता हे खरं, पण कार्यक्रम बदलला होता आम्ही. कोजागरीच्या चांदण्यातलं गाणं आणि कृष्णपक्षातलं बंद नाट्यगृहातलं गाणं एकच नाही. ज्याने चांदण्यासाठी तिकीट काढलं, त्याला "कार्यक्रम रद्द झालेला नाही, नुसता पुढे गेलाय" असं ऐकवून पैसे अडवणं मला पटलं नाही. रद्द आणि पुढे ढकलला यांतला फरक आयोजकाच्या तिजोरीला फार सोयीचा असतो.

शेवटी खजिनदारांनीच एक धोका दाखवला. परताव्याची जाहीर घोषणा झाली की दुसऱ्या दिवशी कुणीतरी मंडळाच्या नावाने क्यूआर कोड पाठवतो, आणि पैसे मिळतील म्हणून स्कॅन करून पिन टाकणाऱ्याच्या खात्यातून पैसे जातात. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी लागत नाही. हे निरोपातच लिहिणं आमचं काम होतं.

सोमवारी रात्री गेलेला निरोप असा:

"कोजागरीच्या कार्यक्रमाचा आधीचा निरोप चुकीचा होता. कृपया हा ग्राह्य धरा. (लिहिला: सोमवार, २१ ऑक्टोबर)

बुधवार १६ ऑक्टोबरचं गायन आता रविवार, २७ ऑक्टोबरला संध्याकाळी ६ वाजता नाट्यगृहात होईल. दारं साडेपाचला उघडतील. पाऊस आला तरी कार्यक्रम होईल.

तिकीट विकत घेतलं असेल तर तुमची जागा पक्की आहे. काहीही कळवायची गरज नाही, जुनं तिकीट घेऊन या. मोफत प्रवेशिकांसाठी फक्त तीस जागा आहेत. आधी येणाऱ्याला आधी.

यायचं नसेल तर पूर्ण पैसे परत मिळतील, कारण विचारलं जाणार नाही. ऑनलाइन तिकिटाचे ३१८ रुपये, रोखीने घेतलेल्याचे ३००. शनिवार, २६ ऑक्टोबरला रात्री ८ पर्यंत खालील क्रमांकावर तिकिटाचा फोटो पाठवा किंवा फोन करा. ऑनलाइनचे पैसे ज्या खात्यातून आले तिथेच ५ नोव्हेंबरपर्यंत जमा होतील. रोखीचे जिथे तिकीट घेतलं त्याच दुकानात मिळतील. पैसे देण्यासाठी आम्ही पिन विचारणार नाही, क्यूआर पाठवणार नाही.

२० तारखेला चुकीच्या निरोपामुळे ज्यांची फेरी वाया गेली, त्यांनी प्रवासखर्चही सांगावा."

पहिल्यापेक्षा हा कितीतरी लांब आहे, आणि त्यात "नाइलाजाने" नाही, "दिलगीर" नाही. निरोप चित्रात न घालता साध्या अक्षरांत पाठवला, म्हणजे कमी दिसणाऱ्याला फोन तो वाचून दाखवू शकतो आणि ज्याला शोधायचा आहे त्याला तो सापडतो. एक प्रत छापून शाळेच्या फाटकावर आणि तिकीट विकणाऱ्या दोन्ही दुकानांत लावली, कारण रोखीने तिकीट घेणारे बरेचसे गटांवर नव्हतेच.

एक्केचाळीस जणांनी पैसे मागितले. खजिनदारांना वाटलं होतं त्याहून कमी, मला वाटलं होतं त्याहून जास्त. एकाही तिकीटवाल्याला दारातून परत जावं लागलं नाही. प्रवेशिका घेऊन आलेले सात जण परत गेले, त्यातले दोघं रागावून. ते जोडपं आलं नाही. त्यांच्या मुलीने फोन केला, दोघांचे सहाशे रुपये घेतले आणि एसटीचं भाडं सांगायला नकार दिला. मी पुन्हा विचारलं, ती पुन्हा नाही म्हणाली.

अमेरिकेत बेसबॉलच्या तिकिटाला जोडलेल्या एका तुकड्याला 'रेन चेक' म्हणत. सामना पावसाने वाहून गेला, तर त्या तुकड्यावर दुसऱ्या सामन्याला प्रवेश मिळे. एकोणिसाव्या शतकातली ही पद्धत. तिथल्या आयोजकांनी पावसाचा विचार पाऊस यायच्या आधी केला होता आणि तो प्रेक्षकाच्या हातात दिला होता. आमच्या पुढच्या कार्यक्रमाची तिकिटं या आठवड्यात छापायला गेली. मागच्या कोऱ्या बाजूवर खजिनदारांनी स्वतःच्या अक्षरात तीन ओळी लिहून दिल्या: पाऊस असेल तर दुपारी ३ पर्यंत या क्रमांकावर कळेल, कार्यक्रम पुढे गेला तर हेच तिकीट चालेल, नको असेल तर पूर्ण पैसे परत.