कड तुला दिसली होती

फाइल उघडली. मरून कुर्त्याचा बॉटल ग्रीन केलास, घड्या जिवंत ठेवल्यास, कापडाचा पोत जागच्या जागी आहे. म्हणजे काम तुला येतं. मग गळ्याभोवती ही मरून रेघ कसली? हनुवटीखाली हिरवट धुरळा का? खांद्यावरच्या मोकळ्या बटांना लालसर झालर कुणी लावली? दिसलं नाही म्हणून सांगू नकोस. दिसलं होतं. लहान करून पाहिलंस, तेव्हा झाकलं गेलं आणि तू डोळेझाक केलीस.

विचारलं तर उत्तर तयार: ‘फेदर दिलं होतं सर, पाच पिक्सेल.’ कुठे पाच? गळ्याला पाच, खांद्याला पाच, केसांनाही पाच? सगळ्या कडेला एकच आकडा देऊन मोकळा झालास. याला मास्क करणं म्हणत नाहीत, पाट्या टाकणं म्हणतात.

आधी सांग, फेदर नक्की करतं काय? मास्कची कड धूसर करतं. ती धूसरता रेघेच्या बाहेर जाते तितकीच आतही येते, आणि तू दिलेल्या आकड्याहून लांब पसरते. म्हणजे बरोबर कापडाच्या काठावर मास्क अर्धाच उरतो. अर्धा मास्क म्हणजे अर्धा हिरवा आणि अर्धा जुना मरून. ती रेघ तिथूनच आली. तिला घालवायला तू आणखी फेदर दिलंस, मग ती जास्त रुंद झाली. रोग वाढवून औषध दिलं म्हणतोस! काठ पूर्ण हिरवा हवा असेल तर मास्क आधी बाहेर सरकवावा लागतो आणि मग मऊ करावा लागतो. आधी `Select > Modify > Expand`, नाहीतर मास्कवर `Filter > Other > Maximum`. फेदर त्यानंतर, आणि तेही `Properties` पॅनेलमधल्या सरकपट्टीने, म्हणजे उद्या आकडा बदलता येतो. हा क्रम तुला माहीत आहे. शिकवला तेव्हा वहीत लिहिलास. मग हाताला का लागला नाही?

आता मुख्य गोष्ट. किती सरकवायचं हे कुर्ता ठरवत नाही. कुर्त्याच्या पलीकडे काय आहे, ते ठरवतं. तू पलीकडे पाहिलंच नाहीस.

डावा खांदा घे. त्याच्या मागे क्रीम रंगाची भिंत आहे. तू `Hue/Saturation` वापरलंस, म्हणजे मुख्यतः रंगछटा फिरवलीस. भिंतीत फिरवण्यासारखा रंगच जेमतेम आहे. मास्क दोन पिक्सेल भिंतीवर गेला तर कुणाच्या लक्षात येणार नाही. इथे पसरणं जवळपास फुकट आहे. आणि हा खांदा कॅमेऱ्यापासून मागे, फोकसच्या बाहेर आहे, म्हणजे फोटोतली कड स्वतःच पुसट आहे. तिथे मास्कची कड तितकीच पुसट हवी. चार हजार बाय सहा हजारच्या या फाइलमध्ये दोन पिक्सेल पसरवून चार फेदर इथे शोभतं. उजवा खांदा मात्र फोकसमध्ये आहे. तिथे चार दिलंस तर कड धुक्यात गेलेली दिसेल. दोन खांदे, दोन आकडे. मास्कवर त्या खांद्यापुरता लॅसो फिरव, लॅसोला स्वतःचं दहाएक पिक्सेल फेदर दे म्हणजे जोड दिसणार नाही, आणि तेवढ्याच भागाला `Gaussian Blur` दे. अवघड आहे का? नाही. कंटाळवाणं आहे. कंटाळ्याला अडचण म्हणायची सवय मोड.

आणि हो, आकडे पाठ करू नकोस. हेच चार पिक्सेल बाराशे पिक्सेलच्या चित्रावर दिलेस तर कड चिखल होईल. फाइल जितकी लहान तितका आकडा लहान.

आता गळा. इथे भिंतीसारखी सूट नाही. कातडीचा रंग आणि मरून हे दोघे लाल-नारिंगीच्या घरचेच. कुर्ता हिरवा करणारी फिरवणूक कातडीवर पडली की तीही हिरवट होते. हनुवटीखालचा तुझा धुरळा हाच आहे. ‘मग मी फक्त `Reds` निवडतो,’ असं म्हणशील. निवड की! कातडीही त्याच `Reds` मध्ये आहे. पळवाट बंद.

गळ्याशी एक पिक्सेल पसरव, एक पिक्सेल फेदर. बस. त्यानंतरही बारीक मरून रेघ उरेल, आणि तिचं कारण तू कधी शोधलं नाहीस. तुला आलेली फाइल जेपेग आहे. जेपेगमध्ये बहुतेक वेळा रंगाची माहिती उजेडापेक्षा जाडसर साठवतात. नेहमीच्या एका पद्धतीत चार पिक्सेलच्या चौकोनाला मिळून रंगाची एकच नोंद असते. त्यामुळे कापडाचा लाल कातडीवर एखाद-दोन पिक्सेल सांडलेला असतो. उजेडाची कड एका जागी, रंगाची कड दुसऱ्या जागी. मास्क कितीही नेमका असला तरी ती रेघ मास्कने जाणार नाही. मास्क वाढवलास तर कातडी हिरवी, आवळलास तर रेघ लाल. म्हणून वर एक रिकामा थर घे, त्याला `Color` मोड दे, शेजारच्या कातडीचा रंग उचल आणि तीन पिक्सेलच्या ब्रशने, कमी अपारदर्शकतेवर, ती रेघ रंगव. उजेड-सावली जशीच्या तशी राहील, फक्त लाल जाईल. रॉ फाइल होती का, हे विचारलंस? तिच्यातून सोळा बिटची टिफ काढली असती तर जेपेगची ही सांडलवंड झालीच नसती. विचारायला तोंड दुखत होतं का?

गळ्याचं आणखी एक राहिलं. मरून कापडावरून परतलेला उजेड हनुवटीच्या खालच्या बाजूला पडतो. कुर्ता हिरवा झाला तरी हनुवटी अजून मरूनचीच साक्ष देतेय. ही कड नाही, ओघळ आहे, आणि इथे मोठं फेदर शोभतं. `Color` मोडचा वेगळा थर, गालावरून उचललेला रंग, पंचवीस-तीस टक्के अपारदर्शकता, आणि मास्कला चाळीस ते साठ पिक्सेल फेदर. जिथे मोठं फेदर हवं होतं तिथे दिलं नाहीस, नको तिथे ओतलंस.

आता केस. सगळ्यात जास्त वेळ तू इथे घालवलास आणि सगळ्यात जास्त नासाडीही इथेच केलीस. `Select and Mask` मध्ये जाऊन `Refine Edge` ब्रशने एकेक बट कापून मास्कमधून वगळत बसलास. मेहनत दिसते. पण एकदा तरी थांबून विचारलंस का, वगळायची गरज आहे का?

केस काळे आहेत. काळ्याची छटा फिरवली तर काय होतं? डोळ्याला काहीच कळत नाही. मास्क त्या बारीक बटांवरून सरळ गेला असता तरी त्या काळ्याच राहिल्या असत्या. उलट, बटेच्या काठचा पिक्सेल म्हणजे थोडा केस आणि थोडं मरून कापड, म्हणजेच गडद मरून. त्याला पूर्ण हिरवं होऊ द्यायचं होतं. गडद हिरवा झाला असता आणि बट कापडावर नीट बसली असती. तू तिथे मास्क अर्धा ठेवलास. अर्धं मरून, अर्धं हिरवं, मिळून मातकट तपकिरी. ती लालसर झालर फोटोतून आली नाही. ती तू बनवलीस, तासभर बसून.

म्हणून या कामात मास्क बटांवरून पसरू दे. मग फक्त दोन ठिकाणी हात घाल. उजेड पडून तपकिरी चमकणाऱ्या जाड बटा हिरवट होतील, त्यांच्यावरून मास्कमध्ये बारीक काळा ब्रश बटेच्या दिशेने ओढ. आणि कुर्ता सोडून भिंतीवर उडालेल्या बटांपाशी मास्क खांद्याच्या रेघेवर थांबव. त्या बटांना रंग बदलायचाच नाही, मग तिथे तुझं काय काम?

हे सगळ्या कामांना चालेल असं समजू नकोस. गिऱ्हाइकाने हाच कुर्ता उद्या क्रीम मागितला तर? तिथे छटा पुरत नाही, उजेडच वाढवावा लागतो. बटांवरून गेलेला मास्क केस राखाडी करेल. तिथे बटा खरोखर वेगळ्या काढाव्या लागतात, पण हाताने नाही. चॅनेल उघडून बघ. लाल चॅनेलमध्ये मरून कापड उजळ दिसतं आणि केस काळेच राहतात. त्या चॅनेलची प्रत कर, `Levels` ने केस काळे आणि कापड पांढरं होईपर्यंत ताण. घड्यांच्या सावल्याही काळपट होतील, त्यांच्यावर `Overlay` मोडच्या पांढऱ्या ब्रशने फिर. मग फक्त केसांचा भाग उचलून मास्कमध्ये त्याच जागी चिकटव. केसांचा नकाशा फोटोतच होता. तू बाहेर शोधत होतास.

तपासणीचं काय केलंस? पूर्ण चित्र पडद्यावर बसवून पाहिलंस आणि पाठवून दिलंस. शंभर टक्क्यांवर कडेकडेने सरकत का नाही पाहिलंस? `Alt` दाबून मास्कवर क्लिक केलं असतंस तर नुसता मास्क दिसला असता, आणि केसांपाशी तू केलेली राखाडी भोकं तिथे लपली नसती. `Saturation` मुद्दाम शंभरपर्यंत ओढून बघायचं, चूक असेल तिथे रंग ओरडतो. तेवढं बघून सरकपट्टी परत जागेवर. दोन मिनिटांचं काम. ‘वेळ नव्हता’ म्हणू नकोस. बटा कापायला वेळ होता.

एखाद्याला हे जमतच नसतं तर मी इतकं बोललो नसतो, फाइल परत केली असती. तुझा डोळा पक्का आहे. गेल्या महिन्यात कॉलेजच्या मुलाने केलेल्या दुपट्ट्याची कड तू लांबून ओळखलीस, ‘फेदर जास्त झालंय’ असं त्याला चारचौघांत सुनावलंस. तोच डोळा स्वतःच्या फाइलवर का मिटतो?

आता ही फाइल नव्याने कर. जुना मास्क दुरुस्त करू नकोस, टाकून दे. त्या भोकांवर ठिगळं लावत बसशील. आधी कागदावर कुर्त्याची कड काढ आणि प्रत्येक भागासमोर लिही, पलीकडे काय आहे: भिंत, कातडी, केस. मग आकडे. डावी बाही विसरू नकोस, मनगटाशी कापड आणि कातडी एकमेकांना चिकटली आहेत आणि मध्ये सावलीची बारीक रेघ आहे. ती रेघ मास्कच्या आत घे, ती कापडाची आहे. उद्या सकाळी अकराला मला आधी नुसता मास्क पाठव. चित्र नंतर बघू.