किंमतीची चिठ्ठी

वस्तु चांगली म्हणून तिची किंमत अधिक, कीं किंमत अधिक म्हणून ती आपणांस चांगली वाटते? पुढील लहानशी गोष्ट कल्पित आहे. तींत सांगितलेली केशराची परीक्षा मात्र खरी आहे.

पुण्यांतील एका काष्ठौषधींच्या दुकानीं एक मुलगा उमेदवारीस होता. फडताळांत केशराच्या दोन डब्या असत. एकीवरील चिठ्ठींत दुसरीच्या दुप्पट किंमत होती. गिऱ्हाईक आलें कीं तो महाग डबी पुढें करून "हें अस्सल" असें सांगे. एके दिवशीं मालकांनीं विचारलें, "अस्सल कशावरून?" मुलानें चिठ्ठीकडे बोट दाखविलें. मालक म्हणाले, "अरे, ती मीं लिहिली, मीं काय मोजलें तेवढेंच तिला ठाऊक. आतां केशराला विचार."

दोन पांढऱ्या वाट्यांत थंड पाणी घेऊन त्यांत चार-चार तंतु सोडले. स्वस्त केशराभोंवतीं हळूहळू सोनेरी पिवळा रंग उतरला, आणि पंधरा मिनिटांनंतरही तंतु लालच राहिले. महाग केशराचें पाणी तत्काळ तांबडें झालें व बहुतेक तंतु फिके पडले. मुलानें भिंग घेतलें. केशराच्या फुलांत असे तीनच तंतु असतात व त्यांचें टोंक कर्ण्यासारखें रुंदावत जातें. महाग डबींत तसे थोडे होते. बाकीच्यांचें टोंक पांच ठिकाणीं फाटलेलें होतें. त्या रंगविलेल्या करडईच्या पाकळ्या होत्या.

"म्हणजे स्वस्त तेंच चांगलें!" मुलगा आनंदानें म्हणाला.

"ही तुझी नवी चिठ्ठी झाली," मालक म्हणाले. "पाण्यानें रंगाची लबाडी कळते, वजनासाठीं लाविलेलें तेल कळत नाहीं." मुलानें स्वस्त केशर टीपकागदावर दाबलें, तेलकट डाग पडला नाहीं. मग त्यानें वास घेतला. तो मंद होता. केशर खरें, परंतु जुनें होतें, आणि म्हणूनच स्वस्त होतें.

तेव्हां किंमत अगदींच मुकी नसते. एक ग्रॅम केशरास सुमारें दीडशें फुलें लागतात. तें मातीमोलानें मिळूं लागलें तर संशय घ्यावाच. पण किंमत हें विचारण्याचें कारण आहे, उत्तर नव्हे.

मालकांनीं महाग डबी फडताळांतून काढली. मुलगा हळूच म्हणाला, "पण आपलें नुकसान होईल."

"नुकसान मीं ती घेतली त्याच दिवशीं झालें, दिसलें आज. कालपर्यंत ती विकली ही चूक होती. आतां विकली तर ती फसवणूक."

मला या गोष्टींतील मर्म येथें दिसतें. चिठ्ठीवर विश्वास ठेवणाऱ्यास आपला दोष दुसऱ्यावर टाकतां येतो. ज्यानें स्वतः पाहिलें त्यास ती सोय उरत नाहीं. आपण पुष्कळदां चिठ्ठीवरच थांबतों, तें पाहणें कठीण म्हणून, कीं पाहिल्यावर डबी काढून ठेवावी लागेल म्हणून?