ढब्बू आणि दादा

माझ्या थोरल्या भावाला घरात सगळे ‘ढब्बू’ म्हणायचे. त्याच्या पन्नासाव्या वाढदिवसाला मी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं, “ढब्बूशेठ, अर्धशतकाच्या शुभेच्छा!” त्या ग्रुपवर नुकतेच त्याचे नवे व्याहीही आले होते. दादाने नुसते हात जोडले. एरवी तो लगेच उलटून चिडवतो. त्या हात जोडण्यातच मला कळलं, की आपलं चुकलं.

टोपणनाव लिहिण्यापूर्वी मी आता एक आठवून पाहते: तो माणूस स्वतःहून ते नाव चारचौघांत सांगतो का? सांगत नसेल, तर ते फक्त त्याच्या एकट्याच्या फोनवर पाठवायचं. अंगावरून, रंगावरून किंवा नापास होण्यावरून पडलेलं नाव तर तिथेही जपूनच. आपल्याला त्यात माया दिसते, पण त्याला शाळेतलं चिडवणंही आठवत असेल.

दोघांतल्या विनोदाचंही तसंच. तो समजावून सांगावा लागला, तर बाकीच्यांना परकं वाटतं. आणि त्या विनोदातलं एखादं माणूस हल्लीच गेलं असेल, तर त्या वर्षी तो नकोच.

सवयींचं मात्र वेगळं. त्या सगळ्यांना कळतात. यंदा मी ग्रुपवर लिहिलं, “दादा, लहानपणी चहाची पहिली बशी फुंकून तू मला द्यायचास. आज मी चहा घेऊन येतेय, पहिली बशी तुझी.” व्याह्यांनी विचारलं, “आम्हीही येऊ का चहाला?” ‘ढब्बू’ मी त्याला सकाळी सहालाच फोनवर म्हणून घेतलं होतं.