पाणी किती फुटावर?

पावसाळ्यात कोल्हापुरात दोन माणसं भेटली की 'पाऊस काय म्हणतोय' नंतरचा प्रश्न ठरलेला असतो: 'पाणी किती फुटावर?' पाणी पंचगंगेचं आणि फूट राजाराम बंधाऱ्याजवळचे. 39 फुटांना इशारा, 43 ला धोका. हे आकडे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतात.

मी पुण्यात नोकरीला. गेल्या जुलैत सुट्टीला आलो, तेव्हा संध्याकाळी गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर गेलो. तिथं म्हशी समोर उभ्या असतात, धार काढून फेसाळ दुधाचा ग्लास तसाच हातात देतात. शेजारी सत्तरीचे एक गृहस्थ उभे होते. सगळे त्यांना तात्या म्हणत होते. पाऊस झाला, फूट झाले, माझी नोकरी झाली. मग तात्या म्हणाले, "म्हशीला पाणी आदी कळतंय बघ." एवढं सोन्यासारखं वाक्य समोर आलं आणि मी काय विचारावं? "तात्या, तुमचं आडनाव काय?"

"तात्याच म्हंत्यात सगळी," ते म्हणाले. ग्लास संपवला, पैसे दिले आणि गेले.

माझ्या मनात काही नव्हतं, असं मी घरी येईपर्यंत स्वतःला सांगत होतो. पण ते खरं नाही. आपल्याकडं आडनाव कशासाठी विचारतात ते आपल्याला माहीत असतं. 'पाटील' म्हटलं तरी भागत नाही, लगेच 'कुठले पाटील?' येतं. गाव, गल्ली, पाहुणे असं करत करत जात कळेपर्यंत आपला जीव थांबत नाही. वर आपल्याला वाटतं, आपण किती आपुलकीनं चौकशी केली! हवापाण्याच्या पुढं जायची आपल्याकडची मळलेली वाट हीच आहे, आणि ती माणसाकडं जातच नाही. ती माणसाच्या खान्याकडं जाते.

ब्रोनिस्लाव मालिनोव्स्की या मानववंशशास्त्रज्ञानं 1923 साली लिहिलं होतं, की हवापाण्याच्या गप्पांमधून माहिती द्यायची नसतीच; नुसत्या शब्दांच्या देवघेवीतून माणसं जोडली जातात. म्हणून मला 'नुसतं काय पाऊसपाणी बोलायचं' म्हणणाऱ्यांचा थोडा राग येतो. पाऊस म्हणजे उंबरा. प्रश्न पुढचा आहे. हार्वर्डमधल्या काही संशोधकांना 2017 मध्ये असं आढळलं, की समोरच्याच्या बोलण्याला धरून पुढचा प्रश्न विचारणारी माणसं लोकांना जास्त आवडतात. तात्यांचं बोलणं म्हशीवर होतं. माझा प्रश्न त्याला धरून नव्हता, तो मी घरूनच आणला होता.

गणपतीला परत आलो, तेव्हा तात्या तिथंच दिसले. माझा चेहरा त्यांना आठवत होता की नाही, कळलं नाही. पाऊस आणि फूट उरकले. मग मी आधी माझं सांगितलं. आमच्या घरात 2019 च्या पुरात पाणी शिरलं होतं, आईनं भिंतीवरची ती रेघ अजून रंगवू दिलेली नाही. मग विचारलं, "म्हशीला पाणी आदी कळतं म्हणाला होता. कसं कळतं?"

"रातीला बसत न्हाई ती. हुबीच ऱ्हाती." मग थोडं थांबून ते आपणहून सांगू लागले. त्या ऑगस्टात त्यांच्या गोठ्यात सहा म्हशी होत्या. पाणी दारात आलं तशी दावी सोडली, पाच आपसूक चढाला लागल्या. सहावी चार दिवसांची व्यालेली होती, रेडकाला सोडून हलेना. ओढून बघितलं, शेपटी पिरगाळली, काही उपयोग नाही. शेवटी रेडकू खांद्यावर टाकलं आणि हे पुढं चालू लागले. "मग आली की मागनं. माझ्या पाठीला नाक लावून आली." पाणी तेव्हा कमरेला होतं.

'नुकसान किती झालं?' हे माझ्या ओठांवर आलं होतं. गिळलं. 'कसं' विचारलं की माणूस आपल्या मापानं सांगतो, हवं तिथं थांबतो. 'किती'ला तेवढी जागा नसते. आणि तात्या गोठ्याबद्दल बोलले, घराबद्दल एक शब्दही नाही. ते राहिलेलं मागायचा हक्क मला कुणी दिला होता? अजूनही मला नीट ठरवता आलेलं नाही, की मी खरंच ऐकत होतो, की पुण्यात मित्रांना सांगायला एक गोष्ट गोळा करत होतो.

तेवढ्यात तात्यांनी विचारलं, "आनि तू कुठं हुतास रं तवा?"

मी पुण्यात होतो. महामार्ग पाण्याखाली, गाड्या बंद, आईचा फोन दोन दिवस लागत नव्हता. सगळे असंच समजतात, की मला येताच आलं नाही. खरं म्हणजे पाणी चढायच्या आधी आईनं बोलावलं होतं, "ये रे, सामान वर टाकायला," आणि मी कामाचं कारण सांगितलं होतं. हे मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं.

तात्यांनी कट्टेवाल्याला अजून दोन ग्लास सांगितले आणि माझ्याकडं बघत उभे राहिले.