नावं ठेवू नकोस, पण कारण तरी सांग!

मुली, ट्रान्सफरच्या अर्जासाठी लिहिलेला तुझा निबंध वाचला. ओहायोतलं कॉलेज तू का सोडते आहेस, हे शेवटपर्यंत कळलं नाही. निम्मा निबंध प्राध्यापकांच्या आणि छोट्या वर्गांच्या कौतुकात गेला. वाचणारा विचारणारच, इतकं छान आहे तर निघालीस कशाला? त्यावर तुझं उत्तर काय, तर ‘मला अधिक आव्हानात्मक वातावरण हवं आहे.’ ही टीका नाही असं तुला वाटतं? इथलं शिक्षण सोपं आणि इथली मुलं सामान्य, एवढं सगळं त्या एका वाक्यात येतं. शिवाय ते वाक्य कुठल्याही कॉलेजच्या कुठल्याही मुलीला चालेल, म्हणजे तुझ्या उपयोगाचं नाही.

खरं कारण तुझ्याकडे आहे आणि तेच तू गाळलंस. तुमच्याकडे भाषाविज्ञानाचा विभाग नाही. मानववंशशास्त्राच्या बाईंनी शिकवलेला प्राथमिक अभ्यासक्रम तू केलास. मग त्यांच्याच हाताखाली मराठी कुटुंबांचं बोलणं ध्वनिमुद्रित केलंस आणि ‘म’ नि ‘म्ह’, ‘न’ नि ‘न्ह’ यांच्या पुढच्या स्वरात श्वास किती मिसळतो, ते प्राट या सॉफ्टवेअरवर मोजलंस. आकडे आले, पण त्यांचा अर्थ लावायला ध्वनिविज्ञान लागतं, आणि बाईंनीच सांगितलं की यापुढचं मला शिकवता येणार नाही. हे लिही! यात कॉलेजचं ऋणही आहे आणि निघण्याचं कारणही. अमुक विषय इथे शिकवत नाहीत, ही वस्तुस्थिती झाली. तो शिकवत नाहीत म्हणून कॉलेज कमी दर्जाचं, हा शेरा झाला. वस्तुस्थितीपाशी थांब.

कॉर्नेलबद्दल काय लिहिलंस? नामांकित, जागतिक दर्जाचं. त्यांचं नाव त्यांना कशाला सांगतेस? तिथे भाषाविज्ञानाचा स्वतंत्र विभाग आहे, ध्वनिविज्ञानाची प्रयोगशाळा आहे. आपलं अर्धवट राहिलेलं मोजमाप तिथे कसं पुढे नेणार, ते लिही. आत्ताच का, तेही लिही: दुसरं वर्ष संपल्यावर जाणाऱ्याला नव्या विषयातली पदवी पुरी करायला दोनच वर्षं उरतात.

वसतिगृहातली जोडीदारीण, तिथली थंडी, एकटेपणा यांतलं काही या निबंधात नको. त्रास खरा असेल, पण त्यावरून तू पुढे काय शिकणार आहेस ते कळत नाही.

आणि एक विसरू नकोस. अर्जासोबत आत्ताच्या कॉलेजचा अहवाल जातो, शिफारसपत्रही तिथल्याच प्राध्यापकांचं असतं. त्या बाईंना दाखवायला तुला संकोच वाटेल असं एकही वाक्य निबंधात ठेवू नकोस. नवा मसुदा आधी त्यांना वाचायला दे. त्या ‘हो, असंच झालं’ म्हणाल्या, तरच मला पाठव.