स्लॅबचे दिवस

घोडबंदर रोडवर एका टॉवरचे काम चालू होते. तिथल्या पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्या मजुराची मुलगी जवळच्या शाळेत चौथीत होती. ती सारखी गैरहजर असे आणि गणितात मागे पडली होती. शाळेत सरावासाठी आलेल्या एका विद्यार्थिनी-शिक्षिकेने व्यक्तिअभ्यासासाठी तिची निवड केली.

पहिल्याच आठवड्यात तिने लिहिले, ‘कारण : पालकांची उदासीनता. उपाय : समुपदेशन.’

मोठ्या बाईंनी विचारले, “हे तुला कोणी सांगितलं?”

ती गप्प राहिली.

“मग हा अंदाज झाला. आधी हजेरीपट बघ.”

तिने तीन महिन्यांचा हजेरीपट समोर मांडला. खाडे विखुरलेले नव्हते. दर दहा-बारा दिवसांनी सलग दोन दिवस मुलगी येत नव्हती. हा आजार वाटत नव्हता.

संध्याकाळी ती साइटवर गेली. मुलीची आई म्हणाली, “बाई, स्लॅब सुरू झाला की मधी थांबवता येत नाही. जुनं काँक्रीट वाळलं की नवं त्याला नीट धरत नाही. आम्ही दोघं रात्रीपर्यंत वरच. धाकट्याला कोण बघणार?” धाकटा साडेतीन वर्षांचा होता. दुसऱ्या दिवशी आई-बाप थकून झोपत आणि मुलगी पाणी भरत असे.

मग तिने मुलीची वही उघडली. वर्गात सगळे म्हणत, हिला भागाकार येत नाही. गणित होते ५३ भागिले ९. मुलीने नवा पाचा पंचेचाळीस बरोबर मांडले होते. पण ५३ मधून ४५ वजा करताना तिने प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक काढला आणि बाकी लिहिली १२. भाजकापेक्षा बाकी मोठी! भागाकार तिला समजला होता, अडत होती ती हातच्याची वजाबाकी. ती शिकवली गेली तेव्हा कुटुंब एका साइटवरून दुसरीकडे जात होते.

मधल्या सुट्टीत पंधरा मिनिटे दोघी काड्यांचे गठ्ठे सोडवत बसू लागल्या. धाकट्याचे नाव अंगणवाडीत घातले. अंगणवाडी शाळेच्या आधी सुटे, म्हणून स्लॅबच्या दिवशी त्याला वर्गात मागे पाटी देऊन बसवायचे ठरले. स्लॅब कधी आहे, ते आईने आदल्या दिवशी कळवायचे. पुढच्या दोन स्लॅबांपैकी एकाला मुलगी आली, एकाला नाही. तिने दोन्ही गोष्टी लिहिल्या.

‘उदासीनता’ लिहिले की शिक्षकाचे काम तिथेच संपते. ‘स्लॅबचा दिवस’ लिहिले की ते सुरू होते.

टॉवर पुरा झाला की कुटुंब हलणार होते. मोठ्या बाईंनी शिक्षण हमी कार्ड भरायला घेतले. विद्यार्थिनी-शिक्षिकेने त्यासोबत पुढच्या शाळेसाठी एक कागद जोडला. त्यावर मुलीचे खरे नाव लिहिले, कारण व्यक्तिअभ्यासात ते तिने बदलले होते. खाली लिहिले : ‘हातच्याची वजाबाकी काड्यांनी येते, काड्यांशिवाय अजून चुकते. तिथून पुढे घ्यावे. धाकटा भाऊ आहे, त्याची सोय आधी विचारावी.’